मुक्कामाचे दिवस: सरासरी द्यावी की मीडियन?

सायली_पीजी: प्रबंधासाठी वॉर्डातल्या रुग्णांच्या मुक्कामाचे दिवस मांडतेय. नमुन्यादाखल ११ जण: २, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६, ९, ४८. सरासरी ८ आली, एसडी १३.४. गाइड म्हणतात, ८ ± १३.४ असंच लिही. पण ९ जणांचा मुक्काम तर ८ पेक्षा कमी आहे. काय द्यावं?

गणोबा: ४८ वाला काढून टाक, सरासरी ४ वर येते. प्रश्न मिटला.

आकडेमोड: गणोबा, तो रुग्ण खरोखर ४८ दिवस राहिला असेल तर कुठल्या हक्काने काढायचा? आधी केसपेपर बघा. डिस्चार्जची तारीख चुकीची चढली असेल तर दुरुस्त करा. नाहीतर तो राहू द्या आणि मीडियन घ्या: ४ दिवस.

सायली, ८ मधून १३.४ वजा करून बघ. उणे ५.४ दिवस! एवढ्यावरच कळतं की आकडे एका बाजूला ओढले गेलेत. मीडियनसोबत आयक्यूआर दे, २ ते ६. ४८ च्या जागी १८ असते तर सरासरी ५.३ झाली असती. मीडियन आणि आयक्यूआर जागचे हलले नसते. एक्सेलमध्ये `QUARTILE.EXC` २ आणि ६ देतं, `QUARTILE.INC` २.५ आणि ५.५. घोळ नाही, पद्धती वेगळ्या आहेत. कुठली वापरली ते लिहायचं.

मेट्रन_ताई: आमच्याकडे खाटांचं नियोजन सरासरीवरच चालतं. मग ते चूक म्हणायचं का?

आकडेमोड: छे, तिथे सरासरीच हवी. ११ × ८ = ८८ खाट-दिवस, म्हणजे प्रत्यक्षात लागले तेवढेच. मीडियन धरली तर ४४ येतात आणि तुमच्या निम्म्या खाटा कागदावरून गायब! "सर्वसाधारण रुग्ण किती दिवस राहतो?" याला मीडियन, "एकूण भार किती?" याला सरासरी.

गणोबा: आणि मोड? २ तर सगळ्यात जास्त वेळा आलाय.

आकडेमोड: तीनदा आलाय, त्यावर काही बांधू नये. मोठ्या नमुन्यात २ आणि १० असे दोन उंचवटे दिसले, तर मात्र दोन तऱ्हेचे रुग्ण मिसळलेत का ते बघायचं.

रक्तदाब१२०: म्हणजे बीपीलाही मीडियनच?

आकडेमोड: हिस्टोग्राम काढा. बऱ्यापैकी सममित असेल तर सरासरी-एसडी चालते.

सायली_पीजी: एक राहिलं. २ दिवसवाल्यांपैकी एक रुग्ण दगावला होता. तो यात धरायचा?

मेट्रन_ताई: धरायचा. खाट त्यानेही अडवली होती.

आकडेमोड: खाटांच्या हिशेबात हो. पण बरं होऊन जायला किती दिवस लागतात हे सांगायचं असेल, तर त्याचे २ दिवस लवकर बरं झाल्यासारखे दिसतील. मी मृत्यू वेगळे दाखवेन. काही जण सर्व्हायव्हल ॲनालिसिस करतात. प्रबंधाचा प्रश्न नेमका काय लिहिलायस?

सायली_पीजी: "मुक्कामाचा कालावधी", एवढंच. गाइडना विचारते.