मदत हवी आहे: सोसायटीचं जमा-खर्च पत्रक आणि उत्पन्न-खर्च पत्रक

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या 24 फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार म्हणून माझं हे पहिलंच वर्ष. 31 मार्चचे हिशेब जुळवताना एका ठिकाणी अडले आहे.

मेंटेनन्स फ्लॅटमागे दरमहा 2,500, म्हणजे सगळ्यांचा मिळून वर्षाचा 7,20,000. प्रत्यक्षात जमा झाले 7,05,000. त्यातले 45,000 मागच्या वर्षीच्या थकबाकीचे आणि 30,000 पुढच्या वर्षाचे आगाऊ. म्हणजे यंदाचे 6,30,000 आले, 90,000 येणे राहिले. जमा-खर्चात मी आलेले सगळे 7,05,000 दाखवले, उत्पन्न-खर्चात मात्र 7,20,000 धरले. येणे आणि आगाऊ रक्कम ताळेबंदात टाकली. नवा पंप 85,000 चा, तो जमा-खर्चात पूर्ण, उत्पन्न-खर्चात फक्त घसारा. इथपर्यंत बरोबर आहे ना?

खरी अडचण सिंकिंग फंडाची. वेगळे जमा झालेले 60,000 आधीच्या हिशेबात उत्पन्नात धरायचे. त्यामुळे कागदावर शिल्लक फुगायची आणि सभासद लगेच मेंटेनन्स कमी करा म्हणायचे. माझ्या मते ही रक्कम उत्पन्नात न घेता थेट ताळेबंदात निधी म्हणून जायला हवी. मग मागच्या वर्षांची चूक यंदा कोणत्या नोंदीने दुरुस्त करू? सभेआधी हे नीट करायचंच आहे, कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.