अनुभव धागा: मोठा नकाशा ए-४ वर छापून जोडलाय का कुणी?

मेथीपराठा: काल नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा माळा आवरताना गुंडाळी सापडली. २०११ मध्ये बाबांनी अन् मी शाळेसाठी जोडलेला नागपूर जिल्ह्याचा नकाशा. ए-१ ची पीडीएफ होती. ए-१ म्हणजे आठ ए-४, म्हणून आडवे चार, उभे दोन असे तुकडे करून दुकानातून छापून आणले. घरी जमिनीवर मांडले तर प्रत्येक कागदाला पांढरी कड. कड कापून जोडलं तर कामठीजवळ, पेंच जिथे कन्हानला मिळते नेमकी तिथेच नदी तुटलेली. बाबांनी निळ्या पेनाने ती हाताने जोडली. ती रेघ अजून तशीच आहे. बाबा आता नाहीत.
यंदा माझ्या वर्गासाठी तोच नकाशा पुन्हा करायचाय. तुमचे अनुभव सांगा.

गिट्टीखदान: डोळ्यांत पाणी आलं ताई. तो जुना नकाशा फ्रेम करून ठेवा.

झेड_ब्रिज: दुकानदाराने Fit ठेवलं असणार. नेहमी Actual size वर छापायचं, विषय संपला.

सर्व्हेवाला: अर्धंच बरोबर आहे. Fit ने कागद लहान होतात, पण सगळे सारखेच होतात अन् काही हरवत नाही. कड कापली की जुळतात, फक्त स्केल जातं. ताईंची नदी तुटली, म्हणजे तिथे Actual size च होतं. तुकडा पूर्ण कागदाएवढा अन् प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाही. दोन्ही बाजूंचे मिळून सांध्यावर जवळपास एक सेंटीमीटर गायब.

संत्राबर्फी: माझ्याकडे आजोबांचा फोटो आहे व्हॉट्सॲपवर आलेला, त्याचा असा पोस्टर होईल का?

सर्व्हेवाला: होईल, पण फुटेल. आधी स्क्रीनवर ४०० टक्के करून बघा. जसं दिसेल तसंच भिंतीवर दिसेल. मूळ फोटो असेल तर तो स्कॅन करून घ्या.

मेथीपराठा: मग आठ कागदांत होणारच नाही का?

सर्व्हेवाला: मूळ मापात नाही. पाच मिमी कड सोडली तर कागदावर २०० बाय २८७ मिमी उरतात. जोडायला एक सेंमी दोन्ही कागदांवर सारखं छापलेलं हवं. म्हणजे पहिला कागद २००, पुढचा प्रत्येक १९०. नकाशा ८४१ रुंद, ५९४ उंच. कागद उभे ठेवले तर पाच रांगा गुणिले तीन, पंधरा कागद लागतील.
आता कागद आडवे करा. २८७ अधिक २७७ अधिक २७७ म्हणजे बरोब्बर ८४१, तीनच. उंचीला तीन कागदांत ५८० भरतात, चौदा मिमी कमी पडतात. एवढ्यासाठी चौथी ओळ कशाला? ९७ टक्के करा, उंची ५७६ होते. नऊ कागदांत काम होतं.
कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये प्रिंट उघडून Poster निवडा. Tile Scale ९७, Overlap एक सेंमी (तो आधी जवळजवळ शून्यच असतो), अन् Landscape. Cut marks लावल्या अन् प्रिव्ह्यूत नऊच्या वर कागद दिसले तर टक्का आणखी थोडा उतरवा.

झेड_ब्रिज: पण ९७ केलं तर १ सेंमीला अमुक किमी हे खोटं ठरेल नं?

सर्व्हेवाला: लिहिलेलं प्रमाण खोटं ठरेल. छापलेली पट्टी खरी राहते, तीही ९७ टक्केच होते. मुलांना पट्टीवरूनच मोजायला लावा.

पोहेतर्री: महालात कुठं घर ताई? आमचंही चिटणीस पार्कजवळ होतं.

कूलरचीआई: मी पोरीसाठी आवर्तसारणी केली होती. पांढरा गोंद लावला तर सांध्यावर लाटा आल्या. मग मागून सेलोटेप लावली, ती मे महिन्यात कूलरच्या ओल्या हवेनं सुटली. काय वापरावं बाप्पा?

गिट्टीखदान: गोंदकांडी. ओल कमी येते.

सर्व्हेवाला: मी मागून कागदी टेप लावतो. मे महिन्याची खात्री माझीही नाही. कापताना मात्र प्रत्येक कागदाची फक्त डावी अन् वरची कड कापा. उजवी अन् खालची तशीच राहू द्या, तिच्यावर पुढचा कागद बसतो. आधी तीन आडव्या ओळी करा, मग त्या एकमेकींना जोडा.

मेथीपराठा: आज पट्टी असलेला एकच कागद छापला. १० सेंमीची पट्टी ९.७ भरली, म्हणून बाकीचे आठही काढले. कन्हान जुळली! पण तिसरी ओळ उजव्या टोकाला दोन मिमी सरकलीय. मधल्या रेघा बरोबर आहेत.

सर्व्हेवाला: पहिला कागद अन् बाकीचे वेगवेगळ्या वेळी निघाले का? लेझरच्या उष्णतेनं कागद थोडा आखडतो.

मेथीपराठा: पहिला सकाळी, बाकीचे संध्याकाळी. पण तो पहिला वरच्या ओळीतला आहे, तिसऱ्या नाही.

झेड_ब्रिज: कापतानाच गेलं असेल.

मेथीपराठा: उद्या ती ओळ पुन्हा काढून बघते. @पोहेतर्री, बडकस चौकाच्या मागे होतं घर.