मे महिन्यात मुलगा कुठे: वाळव्याचा मळा की पुण्यातलं शिबिर?

पुण्याची आई
मुलगा ९ वर्षांचा, तिसरी झाली. आम्ही दोघंही नोकरी करतो. सासर वाळवा तालुक्यात, मळ्यातच घर आणि विहीर. सासू-सासरे म्हणतात, महिनाभर पाठवा, पोहायलाही शिकेल. इथे सोसायटीजवळ शिबिर आहे: सकाळी पोहण्याची २१ दिवसांची बॅच, मग रोबोटिक्स. पोरगा पाण्याला घाबरतो. काय करावं?

मळेकरी
डोळे झाकून गावी पाठवा. पाण्याची भीती विहिरीतच जाते. पाठीला डबा बांधायचा, चुलत्याने खांद्याला धरून सोडायचं, आठवड्यात पोरगं काठ धरायला लागतं. आमच्याकडे अख्खी गल्ली अशीच शिकली. शिबिरात पन्नास पोरं एका टाकीत डुंबतात, त्याला पोहणं म्हणत नाहीत. वर आजीच्या हातचं खाणं आणि चुलत भावंडं. ती पैसे भरून मिळत नाहीत.

तलावावरचा
मी पोहायला शिकवतो आणि स्वतः तासगावकडच्या विहिरीत शिकलोय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. खोल पाण्याची सवय विहिरीत लवकर होते, हे मळेकरींचं म्हणणं खरं आहे. तलावाच्या उथळ बाजूला पाय टेकतात, त्यामुळे मूल हातपाय मारायला शिकतं, पण पाय टेकले नाहीत की घाबरतं. बॅच संपली की पालक विचारतात, "एक लांबी जातो ना?" मी उलट विचारतो, पाय पोचत नाहीत अशा ठिकाणी, अंगावर शर्ट-चड्डी असताना, उताणा पडून दोन मिनिटं राहतो का? बहुतेकांना नाही जमत. आणि हीच मुलं "मला येतं" म्हणत गावच्या विहिरीत उडी टाकतात.

पण "डोळे झाकून" हे मला पटत नाही. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. शेवटच्या पायरीपासून पाण्यापर्यंत मोठ्या माणसाचा हात पोचत नसेल, तर दमलेलं मूल वर येणार कसं? तिथे बांधलेला जाड दोर हवाच. दुसरं म्हणजे मोटर. केबल जुनी असेल तर पाण्यात करंट उतरतो. नुसती मोटर बंद असून चालत नाही, पेटीतलं मेन बंद हवं आणि पेटीपाशी माणूस उभा हवा, कारण पाळीची लाईट आली की कुणीतरी येऊन स्टार्टर दाबतो. तिसरं, डबा. तो घट्ट बुचाचा हवा आणि काखेच्या पातळीवर, पाठीला बांधायचा. सैल बांधला की कमरेवर सरकतो, मग ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. घाबरणाऱ्या मुलाचं एकदा असं झालं की पुढची दोन वर्षं ते पाण्याजवळ येत नाही. मुलासोबत पाण्यात उतरणारा चुलता पट्टीचा पोहणारा हवा, आणि काठावर दुसरा मोठा माणूस. सासऱ्यांचं वय सांगितलं नाहीत, पण एकट्या आजोबांच्या भरवशावर विहीर नको.

मळेकरी
इतकं धरून बसलो तर पोरं घराबाहेरच पडायची नाहीत. आमच्या वेळी कुठला दोर आणि कुठलं मेन?

तलावावरचा
तुमच्या वेळी बऱ्याच विहिरींवर मोट होती किंवा काठावर इंजिन होतं, पाण्यात वायर नव्हती. फरक तिथेच आहे. आणि दर उन्हाळ्यात विहिरीत, शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. शेततळं तर विहिरीहून वाईट. प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरतो, धरायला काही नसतं. मळ्यात शेततळं असेल तर त्याला कुंपण आहे का, हे आधी विचारा.

थोरल्या जावेच्या जागी
मी अशाच एका मळ्यात राहते, थोरली सून म्हणून. सगळे "आजी-आजोबांकडे" पाठवतात, पण सांभाळतं कोण? सासूबाईंचे गुडघे गेलेत. मे महिन्यात कुरडया, सांडगे, वर्षाची चटणी, त्यातच उसाला पाणी द्यायची पाळी आणि घरात पाच-सहा पोरं. शहरातल्या पोराला भाकरी नको, दुपारी मोबाईल हवा, रात्री आई हवी. पोरं आवडतात मला, येऊ नयेत असं अजिबात नाही. पण ताई, फोन सासूबाईंना करता तसा जावेलाही करा. तिला विचारा, किती दिवस जमेल. आणि निदान शनिवार-रविवारी तुम्ही दोघांपैकी एक जण तिथे या, हाताला हात लागतो.

रोबोवाला बाबा
माझ्या मुलीने सातवीच्या सुट्टीत रोबोटिक्स केलं, आता ती शाळेच्या संघात आहे. गावी पाठवली असती तर महिना वाया गेला असता. दहावीच्या आधीच्या सुट्ट्या महत्त्वाच्या असतात, त्या हातच्या घालवू नका.

पुण्याची आई
दादा, माझा मुलगा तिसरीतला आहे, दहावी फार लांब आहे. शिबिरात ते तयार किट जोडायला देतात आणि परत घेतात, असं माहितीपत्रकात आहे. त्यातून त्याला कितपत येईल?

रोबोवाला बाबा
किट परत घेत असतील तर मग फारसं नाही, हे मान्य. पण निदान तो एका जागी, लक्षाखाली असतो.

पुण्याची आई
लक्षाखाली १२ वाजेपर्यंतच. नंतर घरी संध्याकाळपर्यंत कोण, हा प्रश्न उरतोच. शिबिर घेतलं तर मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागेल.

रात्रपाळी
ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. विहिरीवर सगळे बोलले, मी झोपण्यावर बोलते. उन्हाळ्यात पोरं अंगणात नाहीतर ओट्यावर खाली अंथरूण टाकून झोपतात. मण्यार रात्री फिरते आणि अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. मूल पहाटे उठून म्हणतं, पोटात दुखतंय, घसा धरलाय. घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि तोवर वेळ गेलेली असते. खाली झोपलेलं मूल असं उठलं तर ओवा, मांत्रिक काही नको, लगेच १०८ किंवा मिळेल ती गाडी. आवळून बांधू नका, चिरू नका. आधीच विचारून ठेवा, सर्पदंशाची लस आणि श्वासाचं यंत्र दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं. मुलाला खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. एवढ्याने पुष्कळ टळतं. माझी मुलं दरवर्षी गावी जातात, अशीच झोपतात.

मळेकरी
खाट आणि मच्छरदाणीचं पटलं. आमच्याकडे सगळे खालीच झोपतात, या वर्षी बदलतो. पण विहिरीचं माझं मत तेच आहे. भीती तिथेच जाते.

पुण्याची आई
जावेला फोन केला. ती म्हणाली, पंधरा दिवस आनंदाने, त्याच्या पुढे नको. विहिरीचा दोर कुजलाय, दीर नवा बांधणार आहेत. मेन बंद करायचं त्यांना सांगितलं, ते हसले, पण हो म्हणाले. आता अडचण अशी की बॅच १ तारखेला सुरू होते, मधून घेत नाहीत. आधी तलाव करून मग गावी न्यावं की उलट?

तलावावरचा
आधी तलाव. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला तिथे शिकू दे, मग विहिरीत डबा बांधून खोल पाणी. पण बॅच झाली म्हणून डबा सोडू नका.

मळेकरी
उलट करा. आधी विहीर, मग त्याला तलाव खेळ वाटेल.

थोरल्या जावेच्या जागी
तारखा जावेला विचारून ठरवा. २० मेनंतर आमच्याकडे पेरणीची धावपळ सुरू होते, मग दुपारी विहिरीवर थांबायला मोठं माणूस मिळत नाही.