मदत हवी आहे: नव्या बॅचचे लांब डबे ४२ मिमी ग्रिडमध्ये घट्ट बसतात

ड्रॉवरसाठी ग्रिडफिनिटीच्या मापाने थ्रीडी प्रिंटरवर डबे छापतोय. एक घर ४२ मिमी, डब्याचं बाहेरचं माप त्यापेक्षा ०.५ मिमी कमी. जुने डबे आणि बेसप्लेट पीएलएमध्ये आहेत, ते एकमेकांत छान बसतात. नवे डबे पीईटीजीमध्ये, फाइल तीच. त्यातले १×१ व्यवस्थित बसतात, पण ४×१ दाबून बसवावे लागतात.

कॅलिपरने मोजलं: १×१ हवा ४१.५, भरतो ४१.६. ४×१ हवा १६७.५, भरतो १६७.९. म्हणजे चूक लांबीसोबत वाढतेय, साधारण ०.२४ टक्के. याच हिशेबाने ५×१ बरोबर २१० होईल आणि शेजारच्या डब्याला फटच उरणार नाही.

पहिला थर पसरतो म्हणून एलिफंट फूट कॉम्पेन्सेशन वाढवून पाहिलं, फ्लोही कमी केला. तळ सुबक झाला, लांबी तेवढीच राहिली. डबा बेडवर आडवा फिरवून छापला तरी माप तेच, त्यामुळे एखाद्या अक्षाचा बेल्ट सैल असेल असं वाटत नाही. मोजमाप पूर्ण थंड झाल्यावरच घेतलंय.

बेसप्लेट ड्रॉवरला चिकटवलेली आहे, ती बदलता येणार नाही. मॉडेलमधली फट ०.५ वरून ०.८ करणं मला पटत नाही, कारण मग छोटे डबे खुळखुळतील.

तर स्लायसरमध्ये फक्त पीईटीजीच्या प्रोफाइलला एक्स-वाय स्केल ९९.७६ टक्के ठेवणं योग्य का? आणि दर नव्या रिळासाठी ते ठरवायला किती लांबीची चाचणी-पट्टी पुरेशी होते?