दादाच्या रिसेप्शनला तीन मिनिटांचं भाषण: खेचायचं किती, हळवं व्हायचं किती?

धाकटी_पाती:
पुढच्या महिन्यात दादाचं लग्न, रिसेप्शन कर्वेनगरला एका लॉन्सवर. वहिनी बेंगळुरूची, घरी कन्नड बोलतात. ग्लास उंचावून टोस्ट करायची टूम दादाच्या ऑफिसवाल्यांनी काढलीये आणि माईक माझ्या हातात येणार, तीनच मिनिटं. सगळे म्हणतायत त्याची मस्त खेच. पण मला मनापासूनही काही बोलायचंय. दोन्ही बसतं का तीन मिनिटांत, की एकच काहीतरी धरू?

रोखठोक_सदाशिव:
खेचू नका. मुलीकडचे काका-मामा पहिल्यांदा तुम्हाला ऐकणार आणि काय ऐकणार, तर जावई आंघोळीला कंटाळतो. घरातली थट्टा घरातच ठेवावी. दोन चांगले शब्द बोला, आशीर्वाद मागा आणि माईक परत द्या.

नाशिकचा_नाना:
सदाशिवराव, मग ते भाषण लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखंच होणार की. आमच्याकडे एका लग्नात मुलाच्या बहिणीने "माझा भाऊ माझा आधार, माझा अभिमान" सुरू केलं आणि लोक सरळ बुफेकडे वळले, गुलाबजाम संपतील म्हणून. हसवलंच पाहिजे. दर वीस सेकंदाला एक पंच टाक, शेवटी लव्ह यू दादा, संपलं.

सुगरण_सुनंदा:
उखाणा घे ना गं! "चांदीच्या वाटीत केशराचा खवा..." पूर्ण पाठवू का? नवरीला पण उपयोगी पडेल.

धाकटी_पाती:
सुनंदाताई उखाणा वहिनी घेईल हो, मी बहीण आहे 😄

माईक_टेस्टिंग:
मी लग्नांमध्ये निवेदन करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नाना अर्धे बरोबर आहेत, लोकांना आधी हसायला मिळालं पाहिजे, पण दर वीस सेकंदाला पंच म्हणजे स्टँडअप झाला आणि त्यानंतर एकदम "लव्ह यू" म्हटलं की ते मागून चिकटवल्यासारखं ऐकू येतं. पहिली दोन मिनिटं विनोद आणि मग एक मिनिट हळवं अशी वाटणी करायला गेलं की मधला सांधा दिसतोच. त्यापेक्षा एकच किस्सा शोधायचा, जो ऐकताना हसू येतं आणि संपताना घशाशी येतं. मग वाटणीचा प्रश्नच राहात नाही.

तीन मिनिटं म्हणजे किती तेही सांगतो. माईकवर माणूस हळू बोलतो, हशा थांबायला वेळ जातो, त्यामुळे लिहिलेलं पावणेतीनशे-तीनशे शब्दांच्या वर नको. घरी आरशासमोर बरोब्बर तीन मिनिटं भरत असेल तर स्टेजवर ते चारला जाणार हे धरून चाला. दादाचे किस्से लिहून काढ, चार-पाच असतील ते सगळे, आणि एकच ठेव. कुठला ते इथे टाकलास तर बघू.

धाकटी_पाती:
एक आहे. दादा पेट्रोल वाचवायचा, उतार दिसला की बाइक बंद. माझ्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला सोडायला निघाला आणि अर्ध्या रस्त्यात पेट्रोलच संपलं. हा गाडी ढकलत पळतोय आणि मी मागे बसून फॉर्म्युले पाठ करतेय. पोचलो वेळेत. शाळेसमोर पंप होता तिथे नंतर भरता आलं असतं. पेपर संपवून आले तर हा उन्हात गेटवरच उभा, म्हटलं घरी का नाही गेलास तर म्हणे पेट्रोल नव्हतं ना.

माईक_टेस्टिंग:
अगं, सोनं आहे हे, फक्त पंप चुकीच्या जागी आलाय! तो आधी सांगितलास की सगळं फुटलं. क्रम असा लाव: उतारावर बाइक बंद (लोक हसतात), ढकलत पळणं आणि तुझे फॉर्म्युले (जास्त हसतात), मग "बाहेर आले तर हा तीन तास उन्हात उभा, विचारलं घरी का नाही गेलास, म्हणाला पेट्रोल नव्हतं." इथे पुन्हा हसतील. हसू दे, थांब. आणि मग साध्या आवाजात: "पंप शाळेच्या समोरच होता." बास. त्याच्यावर "तेव्हा मला कळलं दादा किती प्रेम करतो" वगैरे काहीही जोडू नकोस, लोकांना कळतं.

मग वहिनीकडे वळ: "वहिनी, हा कधी तुझी वाट बघत थांबला आणि काहीतरी भलतंच कारण सांगायला लागला, तर ऐकून घे. खरं कारण तुला माहितीये." ग्लास वर, दोघांची नावं. "सगळ्यांनी ग्लास उचला" हे मात्र या वाक्याच्या आधी सांग, नाहीतर शेवटी लोक ग्लास शोधत बसतात. सरबत असलं तरी चालतं.

रोखठोक_सदाशिव:
किस्सा चांगला आहे, मान्य. पण मुलगा चिक्कू हे कळलंच ना पाहुण्यांना?

माईक_टेस्टिंग:
कळलं, आणि पंपाच्या वाक्याला ते पुसलंही गेलं. जुनी मैत्रीण, दारू, पगार, वजन, नापास झालेला विषय, यातलं काही असतं तर मी तुमच्या बाजूने असतो.

एडिसनची_मावशी:
आमच्याकडे न्यू जर्सीत सगळे टेबलांवर बसलेले असतात, जेवण यायच्या आधी टोस्ट होतो, त्यामुळे लोक ऐकतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी बोलले आणि दुसऱ्याच वाक्याला जी रडायला लागले ती थांबेचना. पुण्यात तर अर्धे फोटोच्या रांगेत उभे असतात, अर्धे ताट घेऊन फिरत असतात. तिथे कुणाला ऐकू जाणार हे? मला वाटतं घरच्यांच्या जेवणात बोल.

माईक_टेस्टिंग:
मावशी, मुद्दा खरा आहे. म्हणून वेळ ठरवून घ्यायची: जोडी स्टेजवर आली की फोटोची रांग सुरू व्हायच्या आधी, आणि केटररला सांगून बुफे तेवढ्यापुरता थांबवायचा. उशिरावर ढकललंत तर पंचाईत, दहाला स्पीकर बंद करावा लागतो आणि मग सगळं घाईत उरकतात. रडू येणारच असेल तर ते पंपाचं वाक्य घरी मोठ्याने इतक्या वेळा म्हण की तू स्वतःच कंटाळशील. आलंच तर थांब, एक घोट पाणी, लोक वाट बघतात. फोनवरून वाचू नकोस, स्क्रीन बंद पडते आणि चेहरा खाली राहतो. छोट्या कार्डावर पाचच शब्द: उतार, ढकल, ऊन, पंप, वहिनी.

बेळगावकर_बाळ:
आणि भाषेचं काय? निम्मा मांडव कन्नड. मराठीत सांगितलंस तर निम्मे नुसते बघत बसणार. "एल्लरिगू नमस्कार" म्हणून सुरुवात कर, तिथेच टाळ्या पडतील, आणि पुढे सगळं सोप्या इंग्रजीत.

नाशिकचा_नाना:
दादा गाडी ढकलत पळतोय हे इंग्रजीत? सगळी मजा गेली की. मराठीतच सांग आणि प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी कन्नड करून सांगेल.

माईक_टेस्टिंग:
प्रत्येक वाक्याला भाषांतर केलंत तर तीनाची सहा मिनिटं, आणि हशा दोन हप्त्यांत. तो मार्ग सोडा. पण मराठी की इंग्रजी, यावर बाळ आणि नाना दोघांचंही पटतंय, खरं सांगायचं तर.

धाकटी_पाती:
आजीला इंग्रजी कळत नाही आणि पंपाची गोष्ट तिला कुणीच सांगितलेली नाहीये अजून. वहिनीला विचारते तिच्या आईबाबांना मराठी किती कळतं ते.