शब्दचर्चा : 'मूर्तिभंजन', 'भग्न' आणि 'देवोत्पाटन'

गिरणाकाठ : चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावात जुन्या शिवमंदिराबाहेर माहितीफलक लावायचा आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या बऱ्याच मूर्तींचे चेहरे आणि हात गेलेले आहेत. मसुद्यात कुणीतरी 'मूर्तिभंजकांनी विद्रूप केलेल्या मूर्ती' असं लिहिलं, त्यावर बैठकीत दोन तट पडले. इथे कोणता शब्द बरोबर ठरेल? 'भग्न', 'खंडित', 'विटंबित' की आणखी काही?

माई (धरणगाव) : खंडित मूर्ती देवघरात ठेवू नये, दादा. आमच्याकडे कुलदेवीचा टाक झिजून चेहरा दिसेनासा झाला, तेव्हा तो तापीत सोडला आणि सोनाराकडून नवा घडवून घेतला. तुम्हीही गुरुजींना विचारून विसर्जन करा.

गिरणाकाठ : माई, या मूर्ती भिंतीत बसवलेल्या आहेत, पूजेतल्या नाहीत. फलकावर काय लिहावं एवढाच प्रश्न आहे.

वाघूर : 'मूर्तिभंजन' हा मुळात इंग्रजी संकल्पनेसाठी घडवलेला अलीकडचा शब्द. आपल्या परंपरेत ही गोष्टच नव्हती, म्हणून तिला जुना शब्दही नाही. मूर्ती फोडल्या त्या बाहेरून आलेल्यांनी, धर्मवेडापायी. मसुद्यात आहे ते बरोबर आहे.

अनेर : वाघूरभाऊ, शब्द अलीकडचा असेल, पण त्यावरून कृतीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. संस्कृतात यासाठी चक्क सरकारी हुद्द्याचं नाव सापडतं : 'देवोत्पाटननायक', म्हणजे देव उपटून काढणाऱ्या खात्याचा प्रमुख. आपलं 'उपटणं' याच 'उत्पाटन'मधून आलं आहे. हा हुद्दा काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या कल्हणाच्या राजतरंगिणीच्या सातव्या तरंगात येतो आणि तो निर्माण करणारा राजा म्हणजे काश्मीरचा हर्ष (इ. स. 1089 ते 1101), जन्माने हिंदू.

कल्हण सगळा क्रम देतो. हर्षाचा खर्च अफाट होता, खजिना पुरत नव्हता. भीमकेशवाच्या ओस पडलेल्या मंदिरात त्याला मोठं धन सापडलं. ओसाड देवळात एवढं, तर नांदत्या देवळांत किती असेल, असं त्याच्या मनात आलं. आधी देवळांचे खजिने गेले, मग धातूच्या मूर्तींवर पाळी आली आणि त्या कामावर उदयराज नावाच्या माणसाला नेमलं. गाव, नगर, राजधानी, कुठलंच देऊळ सुटलं नाही, असं कल्हण म्हणतो. वाचलेल्यांची नावंही तो देतो : राजधानीतला रणस्वामी, बाहेरचा मार्तंड आणि दोन प्रचंड बुद्धमूर्ती. त्यातली परिहासपूरची वाचली ती कनक नावाच्या गायकाने राजाकडे रदबदली केली म्हणून. हा कनक कल्हणाचा चुलता. म्हणजे ही माहिती घरातून आलेली आहे.

बोरी : मग कल्हण हर्षाला 'तुरुष्क', म्हणजे तुर्क, का म्हणतो? तो मनाने मुसलमानच झाला होता, हे त्यावरून स्पष्ट होतं. त्याच्या सैन्यात तुर्क नायकही होते.

अनेर : तुर्क नायक होते, हे खरं. पण हर्षाने धर्म बदलला असं कल्हण कुठेच सांगत नाही. बाराव्या शतकाच्या मध्यावर लिहिताना त्याच्या हाताशी मूर्ती उखडणाऱ्यासाठी तयार शिवी होती, ती त्याने स्वतःच्या धर्मातल्या राजाला दिली. यावरून दोन्ही गोष्टी कळतात : तुर्कांची तशी ख्याती तोवर झाली होती, आणि नुसत्या कृतीवरून कर्त्याचा धर्म ओळखता येत नव्हता.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी हर्षाच्या प्रकरणाचा अर्थ पैशाच्या आणि धातूच्या निकडीतून लावला. डामर म्हणजे तिथले जमीनदार सरदार शिरजोर झाले होते, त्यांच्याशी लढायला पैसा हवा होता. एवढ्याने मला मात्र पूर्ण समाधान होत नाही. कल्हण सांगतो की नाक, हात, पाय झडलेल्या नग्न भिक्षेकऱ्यांकडून मूर्तींवर मलमूत्र टाकवलं आणि पायाला दोर बांधून त्या रस्त्यांतून ओढल्या. नुसतं वितळवायचं तर हे कशाला?

साक्रीकर : याचं उत्तर माईंच्या टाकात आहे असं मला वाटतं. खंडित किंवा भ्रष्ट झालेल्या मूर्तीची पूजा चालत नाही. आधी देवपण काढून घेतलं की उरतो नुसता धातू. मग तो वितळवणाऱ्यालाही भीती नाही आणि लोकांनाही त्या मूर्तीवर हक्क सांगता येत नाही.

अनेर : पटण्यासारखं आहे, पण कल्हण तसं कारण देत नाही, हा आपला अंदाज. मात्र याच धाग्याने पुढे जाता येतं. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने सुलतानांच्या काळाबद्दल मांडलं की हल्ला बहुतेकदा पराभूत राजाच्या देवळावर, राज्य जिंकण्याच्या वेळी होई. तो देव त्या राजाच्या सत्तेचा आधार, म्हणून तो आधार काढायचा. प्रदेश ताब्यात आल्यावर तीच देवळं नव्या राज्याच्या छायेत येत. चोळ राजाधिराजाने चालुक्यांची कल्याणी जाळली, तेव्हा तिथला द्वारपाल न फोडता उचलून नेला आणि त्यावर तसं कोरून ठेवलं. तो आज तंजावरला आहे. तिथे भंजन नाही, उत्पाटन आहे.

बोरी : पण सुलतानांच्या तवारिखा, म्हणजे दरबारी इतिहास, लिहिणारे स्वतःच मूर्ती फोडणं अभिमानाने धर्मकार्य म्हणून सांगतात. त्यांचं म्हणणं बाजूला सारून 'हे राजकारण होतं' म्हणणं म्हणजे त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं झालं.

अनेर : हा आक्षेप रास्त आहे आणि ईटनवर तो घेतलाही गेला आहे. दरबारी लेखक मालकाला शोभेल ते लिहितो, हे खरं. पण धर्माची भाषा शोभते तेव्हा तिच्यात काही बळ असतंच. दोन्ही हेतू एकाच माणसात असू शकतात. मला फक्त 'धर्मवेडापायी' हा एकच शब्द सगळीकडे चिकटवणं मान्य नाही. आपल्या खानदेशाचंच बघा. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाचा 1590चा देवनागरीतला संस्कृत लेख आहे. त्याची सुरुवात 'श्री सृष्टिकर्त्रे नमः' अशी होते आणि पुढे फारुकींची वंशावळ येते. फारुकींच्या दरबाराची ही बाजूही मोजायला हवी.

साक्रीकर : गिरणाकाठ, आधी दगड बघा. आमच्या घरात पाथरवटाचं काम होतं. नाक, बोटं, आयुधं दगडातून पुढे आलेली असतात. दगड पडला की तीच पहिली जातात. मुद्दाम फोडलं असेल तर चेहऱ्यावर घाव एकवटलेले दिसतात, एखादा निसटलेला घाव शेजारी प्रभावळीवर उमटलेला असतो आणि त्याच उंचीवरचं नाजूक काम शाबूत राहतं. आपला काळा दगड पापुद्रे सुटूनही झिजतो, तेव्हा कडा गोलसर होतात. तुटीचा रंग बाकी अंगासारखाच असेल तर तूट जुनी. शेंदूर किंवा ऑइलपेंट चढलेला असेल तर काही सांगू नका. आणि गाभाऱ्यात मूर्ती बसवतात त्या पीठाची खाच कशी आहे, अख्खी की फुटलेली?

आनंदा (पारोळा) : आमना गावमा बी अश्या मूर्ती शेतस. म्हातारा लोके म्हनतस, पिंपयनी मुयीस्नी भीत पाडी.

गिरणाकाठ : आज जाऊन बघितलं. उत्तरेच्या भिंतीवर पाच मूर्तींच्या फक्त चेहऱ्यांवर घाव आहेत, एकीच्या शेजारी निसटलेले दोन. शेजारची वेलबुट्टी जशीच्या तशी. पश्चिमेकडे मात्र उंबराने भिंत ढकललेली आहे, तिथल्या मूर्ती पडून फुटल्या. गाभाऱ्याच्या एका कोनाड्यात पीठ रिकामं, खाच अख्खी.

अनेर : मग तीन ठिकाणी तीन क्रियापदं वापरा. उत्तरेच्या मूर्तींचे चेहरे 'फोडलेले', पश्चिमेच्या मूर्ती 'भंगलेल्या', कोनाड्यातली मूर्ती 'जागेवर नाही'. 'भग्न' आणि 'भंजन' एकाच संस्कृत क्रियाधातूपासून आलेले, पण 'भग्न' फक्त अवस्था सांगतो. 'भंजक' म्हटलं की कर्ता दाखवावा लागतो. तो तुमच्याकडे नाही.

बोरी : 'फोडलेले' चालेल. पण कुणी, हे गाळलं की वाचणारा आपल्या मनाने भरणारच. त्यापेक्षा 'कर्त्याचा लेखी पुरावा नाही' असं स्पष्ट छापा.

वाघूर : तसं छापलं तर गावातले म्हणतील, समिती घाबरली.

गिरणाकाठ : मसुद्यात बोरींचं वाक्य घालतोय. रविवारी बैठकीत पुन्हा वाद होईल, तेव्हा साक्रीकरांनी यावं आणि उत्तरेची भिंत सगळ्यांना दाखवावी अशी विनंती आहे.