अनुभव सांगा: फेसलिफ्टसाठी थांबलात की सवलतीत जुनं मॉडेल घेतलंत?

वारजेकर
कॉम्पॅक्ट एसयूव्ही बघतोय. शोरूमवाला म्हणतो, "साहेब, पंच्याण्णव हजारांचा बेनिफिट आहे, स्टॉक संपला की गेला." फेसलिफ्ट दोन-तीन महिन्यांत येणार म्हणे. थांबलेल्यांनी आणि न थांबलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

मीनल, कर्वेनगर
मी २०२३ च्या डिसेंबरात घेतली. आकडाही हाच होता! कागदावर फोड मागितली तर रोख सूट ४५ हजार, एक्स्चेंज बोनस २५, कॉर्पोरेट १० आणि ॲक्सेसरीज १५. द्यायला जुनी गाडी नव्हती, नवऱ्याची कंपनी त्यांच्या यादीत नव्हती, सीट कव्हरं मला नकोच होती. हातात पडले ४५.

डिलिव्हरीआधी यार्डात जाऊन आले. टायरवर १४२३, म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. गाडी एप्रिलची, आठ महिने उन्हापावसात उभी. बॅटरी पार बसलेली, जंपर लावून सुरू केली. नवी बॅटरी देतो असं लिहून घेतलं, मगच पैसे भरले. गाडीने त्रास दिला नाही. पण फेसलिफ्टला सहा एअरबॅग आल्या, माझीत दोनच. ते अजून खुपतं.

जुन्या गाड्यांचा धंदा, निगडी
ताई, टायर गाडीच्या आधी बनतो, त्यावरून नक्की महिना कळत नाही. फॉर्म २१ बघायचा, त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं. तेच पुढे आरसीवर येतं आणि गाडी विकायला आणलीत की आम्ही आधी तेच वाचतो. डिसेंबरात त्याच वर्षाची गाडी घेतली तर ठीक. जानेवारीत मागच्या वर्षाची घेतली की आमच्या हिशोबात ती पहिल्याच दिवशी एक वर्षाने म्हातारी, वर चेहराही जुना. सूट या दोन्हींची भरपाई करते का, ते बघा. दहा वर्षं वापरणार असाल तर हा फरक विरून जातो. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर मी थांबलो असतो.

अभि, कात्रज
जुन्या मॉडेलचे पार्ट नंतर मिळत नाहीत, म्हणून मी थांबलो.

जुन्या गाड्यांचा धंदा, निगडी
इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन बहुतेक वेळा तेच राहतं हो. हेडलॅम्प, बंपर, ग्रिल बदलतात, त्यांना कधी वाट बघावी लागते.

अभि, कात्रज
असेल. पण थांबूनही सुख नाही. किंमत वाढली, चार महिने वेटिंग, आणि पहिल्या लॉटची गाडी, त्यामुळे टचस्क्रीन मधूनच काळी. दोनदा अपडेट मारून झालं.

सुधाकाकू, सदाशिव पेठ
आमच्या २०११ च्या गाडीला फेसलिफ्ट कुठे करून मिळेल? दिवे पिवळे पडलेत.

मीनल, कर्वेनगर
काकू, धागा वेगळा आहे :) पण दिवे पॉलिश करून मिळतात, नाना पेठेत विचारा.

वारजेकर
आज फोड मागितली. रोख फक्त ३० हजार. फॉर्म २१ वर मागच्या वर्षीचा ऑक्टोबर येणार. बायको म्हणते थांब, बाबांना पाडव्याला गाडी दारात हवी. उद्या ५० मागून बघतो.